साळवे कुटुंबास आभाराचे पत्र

राहुरी, जि. अहिल्यानगर
13 जानेवारी 2025

आदरणीय सुशीलाकाकू, संजय, वहिनी आणि मुलांनो,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सर्वांना सप्रेम सलाम.

हे पत्र नाताळाआधीच जायला हवं होतं. पण 1 डिसेंबरच्या उपासनेत तुम्ही दिलेल्या वाद्यांच्या समर्पणाची प्रार्थना झाली आणि त्याच संध्याकाळपासून आमच्या नाताळच्या फेऱ्यांचा सराव सुरू झाला. मग वर्षअखेरची उपासना. आज जरा सवड मिळाली. उशिराबद्दल रागावू नका.

पेटी, दोन तबले, डग्गा, ढोलकी, खंजिरी आणि झांजांचे दोन जोड असं सगळं चर्चच्या नोंदवहीत लिहून घेतलं आहे. नाव जाहीर करू नका असं तुम्ही बजावलं होतं. पाळकसाहेबांनी नाव घेतलंही नाही. पण पेटीवरचं कापड काढताच मागच्या बाकावरून गंगूमावशी मोठ्यानं म्हणाल्या, "काकांच्या घरून आली." तिथे माझा इलाज नव्हता.

आता खरं सांगायचं ते सांगते, काकांची क्षमा मागून. काकांसारखा पेटीवर बसणारा माणूस आम्हाला पुन्हा मिळाला नाही. पण त्यांची पट्टी एकच, काळी एक. पुरुषांना ती छान बसायची. आम्ही बायका मात्र एक तर खर्जात पुटपुटायचो, नाहीतर टिपेला जाऊन ओरडायचो. मी एकदा भीत भीत म्हटलं, "काका, काळी चार घ्याल का?" तर म्हणाले, "बोटं म्हातारी झाली ग, आता नवा रस्ता शिकत नाहीत." काकू, तुम्ही तेव्हा पहिल्या रांगेत बसून हसत होतात.

तुम्ही पाठवलेली पेटी नऊ स्केलची स्केल चेंजर आहे. सध्या पेटीवर नववीतला आशिष बसतो. त्याला फक्त पांढरी एकवरून वाजवता येतं. आता तो पट्ट्या सरकवतो आणि तीच बोटं ठेवून आम्हाला काळी चार देतो, पुरुषांसाठी काळी एक. नाताळच्या सकाळी पहिलं भजन बायकांनी आपल्या सुरात उचललं. बाहेर चपला काढणारी माणसं तशीच थबकली, असं नंतर कळलं. वीस वर्षं मी या गायकवृंदात आहे, आमचा आवाज एवढा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आणि दोन तबले घ्यायचं कोणाच्या डोक्यात आलं? एक काळी एकचा, दुसरा मोठ्या तोंडाचा, काळी चारचा. पट्टी बदलली की हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसायचं आणि तोवर मंडळींनी खोकायचं, ते संपलं. संजय, हे तू केलं असशील तर तुझ्यात काकांचा कान उतरला आहे.

तू आधी फोनवर कीबोर्ड देऊ का असं विचारलं होतंस. मी पेटीच मागितली, म्हणून तरुण संघातली दोन पोरं अजून माझ्यावर थोडी फुगून आहेत. त्यांचंही चूक नाही. पण फेऱ्यांना वाड्यावस्त्यांवर जायचं, तिथे वायर कुठे शोधायची? आणि आपल्या भजनांना भात्याचा श्वास लागतो, असं माझं मत आहे. हट्ट म्हणा हवं तर.

वाद्यांची काळजी करू नका. कपाट ओलीच्या भिंतीपासून लांब, आतल्या खोलीत हलवलं आहे. किल्ली माझ्याकडे आणि पाळकसाहेबांकडे. रविवारच्या शाळेतली मुलं खंजिरीला हात लावतात, तेवढं चालवून घेते.

एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे, काकू. काकांच्या जुन्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला आहे. पंचम आपणहून वाजत राहायचा म्हणून काकांनी पट्टीखाली दानाचं पाकीट घडी करून खोचलं होतं, ते अजून तसंच आहे. दुरुस्तीला नव्या पेटीच्या निम्मा खर्च सांगतात. कमिटी म्हणते, देऊन टाका. मी म्हटलं, काकूंना विचारल्याशिवाय नाही. तुम्हाला पुण्याला नेऊन घरी ठेवायची असेल तर कळवा. नाहीतर ती आतल्या खोलीतच राहील.

ईस्टरला, 20 एप्रिलला, सगळे या. तुमची जागा पहिल्या रांगेतच आहे. दुपारचं जेवण माझ्याकडे.

ख्रिस्तात आपली,
मीना शिंदे
(गायकवृंदाच्या वतीने)

ता. क. पेटी ज्या गोधडीत गुंडाळून आली ती धुऊन ठेवली आहे. तुमच्या हातची दिसते. कोणी पुण्याकडे येणारं भेटलं की पाठवते.