वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवाल : कार्यालय सहायक, 2024-25

प्रति : दोन्ही भागीदार साहेब
सादर करणार : कार्यालय प्रमुख
कार्यालय : कर सल्लागार व लेखापरीक्षण, गणपती पेठ, सांगली
ज्यांचं मूल्यमापन : कार्यालय सहायक (सगळ्यांचे मामा), नोकरीचं अकरावं वर्ष
कालावधी : 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025
दिनांक : 8 एप्रिल 2025

छापील फॉर्मबद्दल आधी

सा.न.वि.वि. आपल्या फॉर्ममध्ये शंभर गुण आहेत. रिटर्न किती भरले, नोंदी किती केल्या, टॅली आणि एक्सेल किती येतं, वसुली किती झाली, यालाच त्यातले ऐंशी गुण जातात. ही कामं मामांची नाहीतच. त्यांच्या वाट्याला येतो तो वक्तशीरपणाचा रकाना, पाच गुणांचा. या मापाने त्यांना दरवर्षी ‘समाधानकारक’ शेरा मिळाला आणि गेली दोन वर्षं पगारवाढ पाचशे-पाचशे रुपयेच झाली. म्हणून यंदा फॉर्मसोबत हा अहवाल जोडत आहे. चावी रजिस्टर, आवक-जावक रजिस्टर, किरकोळ खर्चाची वही आणि डीएससी टोकनची वही वर्षभराची चाळली आहे. ऑफिसातल्या मुलांकडून आणि पाच-सहा पक्षकारांकडूनही विचारून घेतलं आहे. मामा माणूस म्हणून चांगले आहेत हे सगळेच सांगतात, पण गुण त्यावर दिलेले नाहीत, कामावर दिले आहेत.

कागदावरचं काम आणि प्रत्यक्षातलं काम

नेमणूक पत्रात चारच कामं लिहिली आहेत : ऑफिस उघडणं-बंद करणं, साफसफाई, टपाल, बँकेत ये-जा. प्रत्यक्षात ते काय काय करतात हे मी मार्चमध्ये नुसतं बघून टिपत गेलो. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी बघणं, प्रिंटरचा टोनर संपायच्या आत मागवणं, पक्षकारांच्या डीएससी टोकनची पेटी सांभाळणं, मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्यांकडून पट्ट्यांचे गठ्ठे आणणं आणि ते महिन्यावार लावून मगच टेबलावर ठेवणं, तासगावकडून येणाऱ्या बागायतदारांना गाडीची वेळ विचारून त्यांचं काम आधी पुढे सरकवणं, आधारचा ओटीपी लागणार असला की वयस्कर पक्षकारांना आदल्या दिवशी फोन करून ‘मोबाईल चार्ज करून घेऊन या’ असं सांगणं. यातलं एकही काम कुणी नेमून दिलेलं नाही. एकही थांबलं तर मात्र दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला कळतं.

पट्ट्या महिन्यावार लावण्याचंच घ्या. पूर्वी पोतडीतून निघालेले कागद आर्टिकलची मुलं लावत बसायची आणि एका पक्षकाराचा अर्धा दिवस त्यातच जायचा. आता गठ्ठा टेबलावर येतो तेव्हा वर चिठ्ठी असते : ‘ऑगस्ट पट्ट्या कमी, शेटजींना सांगितलंय, शनिवारी देणार.’ पुढची जीएसटीची आकडेमोड ज्यांच्या नावावर लागते त्यांना फॉर्ममध्ये गुण मिळतात. त्या गुणांतला काही भाग या चिठ्ठीचा आहे, हे त्या मुलांनीच मला सांगितलं.

विश्वासार्हता : वर्षातले तीन प्रसंग

पहिला जुलैचा. शेवटच्या आठवड्यात कोयना भागात पाऊस झोडपत होता आणि आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होतं. 2019 च्या महापुरात आपल्या खालच्या रॅकमधल्या फायलींचा लगदा झाला, तो आपण सगळ्यांनी उचलून टाकला आहे. यंदा कुणी सांगायची वाट न बघता मामांनी संध्याकाळी थांबून खालच्या दोन्ही ओळींतले गठ्ठे पोटमाळ्यावर नेले. नुसते नेले नाहीत, कुठल्या रॅकचा कुठला गठ्ठा वर कुठे ठेवला याची यादी खडूने रॅकच्या दारावर लिहिली. 31 जुलै ही रिटर्नची शेवटची तारीख तोंडावर होती, तरी त्या गडबडीत एकही फाईल शोधावी लागली नाही. पाणी पेठेत आलं नाही आणि ओसरल्यावर गठ्ठे पुन्हा खाली आले. पाणी आलंच नाही म्हणजे कष्ट फुकट गेले, असा हिशोब मूल्यमापनात धरू नये, असं माझं ठाम मत आहे. पाणी येईल की नाही हे त्या संध्याकाळी कुणालाच माहीत नव्हतं. निर्णय त्या वेळच्या माहितीवर बरोबर होता आणि गुण निर्णयाला द्यायचे असतात.

दुसरा ऑक्टोबरचा. ऑडिट रिपोर्टची मुदत 30 सप्टेंबरवरून 7 ऑक्टोबरपर्यंत वाढली तेव्हा आपण सगळे जरा सैलावलो. मामांनी त्या आठ दिवसांत टोकनची पेटी तपासली. दोन पक्षकारांच्या डिजिटल सहीची मुदत संपत आली होती. टोकनला बांधलेल्या चिठ्ठीवर ते संपायची तारीख लिहून ठेवतात, म्हणून त्यांच्या लक्षात आलं. सह्यांचं नूतनीकरण वेळेत झालं आणि दोन्ही रिपोर्ट मुदतीत गेले. 7 तारखेला संध्याकाळी लाईट गेली तेव्हा इन्व्हर्टरने साथ दिली, कारण बॅटरीत पाणी भरलेलं होतं.

तिसरा दिसायला लहान आहे. रजिस्टर पोस्टाने आलेल्या प्रत्येक पाकिटावर मामा तारीख, वेळ आणि स्वतःची सही टाकतात आणि पाकीट फेकू न देता कागदाला टाचून ठेवतात. नोव्हेंबरमध्ये एका पक्षकाराच्या जुन्या व्हॅट प्रकरणात आदेश कधी मिळाला यावरून प्रश्न निघाला. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून मोजतात. टाचलेलं पाकीट आणि आवक रजिस्टरमधली नोंद दाखवली आणि अपील मुदतीत असल्याचं मान्य झालं.

हजेरीबद्दल दोन ओळी. वर्षभरात ऑफिस उशिरा उघडलं ते दोनदा. दोन्ही वेळा आदल्या रात्री मला फोन आला होता आणि चावी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे पोचवलेली होती. अडचण प्रत्येकाला येते. ती आधी कळवणं आणि आपल्यावाचून काम अडू नये एवढी सोय करणं, मी तरी विश्वासार्हता यालाच मानतो. किरकोळ खर्चाची वही दर महिन्याला जुळली. मार्चमध्ये चाळीस रुपयांचा फरक आला तो त्यांनी स्वतःच लाल शाईने लिहून माझ्यासमोर ठेवला.

सुधारणेला जागा

कौतुकाच्या भरात हा भाग गाळला तर अहवाल खोटा ठरेल, आणि तो मामांवरही अन्याय होईल. ते कुणालाच नाही म्हणत नाहीत. सप्टेंबरमध्ये एकाच वेळी तिघांनी तीन ठिकाणी पाठवलं आणि बँकेचं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. कामं डोईजड झाली की त्यांनी मला सांगायला हवं. दुसरं, निम्मी माहिती त्यांच्या डोक्यातच असते. डिसेंबरात लग्नासाठी ते चार दिवस आटपाडीला गेले, तेव्हा जुन्या वर्षांच्या फायली सापडेनात आणि फोनवर फोन गेले. तिसरं, स्कॅन करून ई-मेलने पाठवणं त्यांना अजून जमत नाही. शिकायची तयारी आहे, शिकवायला कुणी बसलेलं नाही.

आणि एक दोष त्यांचा नाही, आपला आहे. घरची भाजी, मुलांच्या शाळेची फी, गाडीची सर्व्हिसिंग अशी खाजगी कामं त्यांना सर्रास सांगितली जातात. त्यातला वेळ कुठेच मोजला जात नाही आणि मग ‘मामा जागेवर नसतात’ अशी तक्रार होते. मागच्या फॉर्मवर तसा शेरा आहे. जावक रजिस्टरवरून पाहता त्या शेऱ्यातल्या बऱ्याच वेळा ते कुणाच्या तरी खाजगी कामाला गेले होते. तो शेरा काढून टाकावा अशी माझी विनंती आहे.

गुण आणि शेरा

नेमून दिलेली कामं : 25 पैकी 23. न नेमलेली पण ऑफिसला लागणारी कामं : 25 पैकी 23. विश्वासार्हता, म्हणजे सांगितलेलं पुन्हा आठवण न करता होणं, पैसा आणि कागद सुरक्षित राहणं, अडचण आधी कळवणं : 25 पैकी 24. पक्षकारांशी वागणूक : 15 पैकी 13. नवीन शिकणं आणि माहिती लिहून ठेवणं : 10 पैकी 4. एकूण 87, शेरा ‘उत्तम’. ही विभागणी मी मामांपुरती केली आहे. मात्र विश्वासार्हतेचा रकाना पुढच्या वर्षीपासून सगळ्यांच्याच फॉर्ममध्ये यावा, माझ्याही.

शिफारशी

पगार 14,500 वरून 17,000 करावा आणि पदनाम ‘वरिष्ठ कार्यालय सहायक’ द्यावं. कामाची यादी नव्याने लिहावी, वर सांगितलेली कामं तीत नावानिशी यावीत. काम सांगणं माझ्यामार्फतच व्हावं, खाजगी कामं पूर्ण बंद. जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री थांबावं लागलं तर त्या तासांचे पैसे वेगळे द्यावेत. आर्टिकलच्या एका मुलाने मे महिन्यात रोज अर्धा तास मामांसोबत बसून फायलींची सूची करावी आणि त्याच वेळी त्यांना स्कॅनिंग शिकवावं. सूची झाली की त्यांना हक्काची रजा निर्धास्त घेता येईल. गेल्या वर्षी त्यांच्या बारा रजा वाया गेल्या.

मामांचं म्हणणं

अहवाल त्यांना वाचायला दिला. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहितो : “पाणी वाढतंय म्हटल्यावर फायली वर न्यायलाच लागतात, त्यात विशेष काय न्हाई. पण ते जागेवर नसतोय असं लिहिलं हुतं, ते मनाला लागलं हुतं. तेवढं काढलासा तर बरं वाटंल. स्कॅनिंग शिकतो, पोरांना वेळ द्यायला सांगा. आन् पोटमाळ्याची शिडी हालतीया, पावसाळ्याच्या आत नवी घ्या, वर गठ्ठा घेऊन चढायला लागतंय.”

शिडीची पाहणी केली, खालची पायरी खिळ्यावर टिकून आहे. नवीन ॲल्युमिनियमची शिडी किरकोळ खर्चातून या आठवड्यातच घेत आहे. पगारवाढ एप्रिलच्या पगारात धरायची तर 25 तारखेपर्यंत मंजुरी मिळावी ही विनंती.

कार्यालय प्रमुख (सही)
वाचलं, मान्य. कार्यालय सहायक (सही)