रविवारचं रक्तदान शिबिर : नावानिशी आभार

रविवारी आपल्या चोपड्याच्या शिबिरात 83 जणांनी नाव नोंदवलं, त्यातल्या 71 जणांनी रक्त दिलं. मे महिन्यात, एवढ्या उन्हात! फ्लेक्सवर आम्हा चौघांचे फोटो होते. राबले ते दुसरेच, म्हणून ही पोस्ट.

गोपाळभाऊ मंडपवाले पहाटे साडेचारला सभागृहात होते. दोन कूलर त्यांचे, खाटा त्यांच्या. साडेनऊला लाईट गेली तेव्हा आठ जण खाटांवर होते. भाऊंनी कुणी सांगायच्या आत गोडाऊनमधून जनरेटर आणला. भाड्याचं विचारलं तर बोललेच नाहीत.

नोंदणीच्या टेबलावर दीपाली आणि मनोज. दीपालीने फॉर्म भरताना प्रत्येकाला रात्रीची झोप, सकाळचा नाश्ता, चालू गोळ्या विचारल्या. उपाशीपोटी आलेल्या सहा जणांना तिनेच आधी पोहे खाऊ घातले. ते पोहे संगीताताई आणि त्यांच्या बचत गटाच्या चौघींनी केले होते. 71 चा आकडा मोजताना त्या पोह्यांचा वाटा विसरता येणार नाही.

सुकलालबाबांचं वेगळं सांगायला हवं. वय 65 च्या पुढे, त्यामुळे त्यांना रक्त देता येत नाही. पण पहिल्यांदा आलेल्या पोरांच्या उशाशी बसून ते, “काहीच व्हस नही भाऊ, मनाकडे देख,” म्हणत राहिले. एका पोराने सुई निघेपर्यंत बाबांचं बोट सोडलं नाही. केळीही बाबांच्याच मळ्यातली, तीन घड.

बारा जणांना डॉक्टरांनी परत पाठवलं. कुणाचं बीपी वाढलेलं, बऱ्याच बहिणींचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली. त्यातली एक मुलगी रडवेली झाली, मग डोळे पुसून दुपारी एकपर्यंत सगळ्यांना लिंबूसरबत देत होती. तब्येतीची गोष्ट आहे म्हणून नाव लिहीत नाही. बेटा, तुझे आभार पहिले. आधी डॉक्टरांना दाखव, तब्येत सांभाळ.

जळगावहून आलेल्या रक्तपेढीच्या पथकाने एकालाही घाई केली नाही. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात. थॅलेसेमियाच्या लेकरांना मात्र दर काही आठवड्यांनी रक्त लागतंच. सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांनाही कधी अचानक गरज पडते.

एक चूक आमची. नऊच्या सुमारास रांग वाढली आणि बायकांना बसायला खुर्च्या कमी पडल्या. माफ करा. पुढच्या वेळी त्यांची रांग वेगळी ठेवू.

रक्तगटाची कार्डं गोपाळभाऊंच्या दुकानात ठेवली आहेत, घेऊन जा. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी परत देता येईल. झाडलोट करणाऱ्या पोरांपैकी दोघांची नावं मला माहीत नाहीत. ओळखत असाल तर सांगा, इथेच लिहितो.