प्रश्न 4 : करार कायदा आणि व्यापारी गुपिते (गुण 20)

पुढील हकीकत वाचा आणि खालील प्रश्नांची उत्तरे द्या.

वादी कंपनीची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे. प्रतिवादी क्र. 1 तिथे 11 वर्षे मेथड इंजिनिअर होता. नेमणूकपत्रात दोन अटी होत्या : कंपनीची गोपनीय माहिती नोकरीत आणि नंतरही उघड करायची नाही, आणि नोकरी सोडल्यावर 2 वर्षे कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही फौंड्रीत काम करायचे नाही.

रीतसर नोटीस देऊन तो मार्चअखेर बाहेर पडला आणि एप्रिलमध्ये गोकुळ शिरगावच्या प्रतिवादी क्र. 2 फौंड्रीत रुजू झाला. जुलैपर्यंत तिथे एका पंप हाउसिंगचे रिजेक्शन 9 टक्क्यांवरून 4 वर आले. तेच कास्टिंग वादीही त्याच ग्राहकाला पुरवते.

वादीचा आरोप तीन गोष्टींवर आहे. पहिली, गेटिंग आणि रायझरची ड्रॉइंग्ज : शेवटच्या आठवड्यात रात्री 11 वाजता प्रतिवादी क्र. 1 ने स्वतःच्या ईमेलवर 46 फाइली पाठवल्याची नोंद सर्व्हरवर आहे. दुसरी, मॅग्नेशियम ट्रीटमेंटचे प्रमाण : हा तक्ता भट्टीशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असे, आणि माल उतरवायला आलेले टेम्पोवालेही तिथे चहा पीत उभे राहत. तिसरी, खिशातली निळी डायरी : हीट नंबरनुसार कुठे ब्लोहोल आले, कुठे श्रिंकेज, त्याच्या स्वतःच्या अक्षरातल्या नोंदी, पानांवर तेलाचे डाग. डायरी त्याने स्वतःच्या पैशांनी घेतलेली.

प्रतिवादी क्र. 1 कैफियतीत म्हणतो, "वाळू हातात घेतली की मला ओल कळते; ते कंपनीच्या दप्तरात ठेवून येऊ का?" 46 फाइलींबद्दल मात्र कैफियत गप्प आहे. क्र. 2 चे म्हणणे, आम्ही माणूस घेतला, कागद नाही.

वादीने मनाई हुकुमासाठी दावा आणि निशाणी 5 चा अर्ज दाखल केला आहे.

(अ) 2 वर्षांची बंदी टिकेल का? भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 27 आणि निरंजन शंकर गोलिकरी (1967) व सुपरिंटेंडन्स कंपनी (1980) हे निकाल विचारात घ्या. गोलिकरी प्रकरणातली बंदी नोकरीच्या मुदतीतली होती, हे विसरून लिहिलेली उत्तरे दर वर्षी सापडतात. (5)

(आ) ड्रॉइंग्ज, तक्ता आणि डायरी यांचा वेगवेगळा विचार करा : कोणती माहिती गोपनीय, कोणती कारागिराचे कौशल्य? तिन्हींना एकच उत्तर लागू केल्यास निम्मे गुण जातील. करारात गोपनीयतेची अट नसती, तर ड्रॉइंग्जबाबत तुमचे उत्तर बदलले असते का? (9)

(इ) तुम्ही न्यायाधीश आहात. निशाणी 5 वर आदेशाचा फक्त कार्यकारी भाग लिहा. प्रतिवादी क्र. 1 ची नवी नोकरी चालू राहील की नाही, आणि कोणत्या फाइलींचे काय करायचे, हे त्यात स्पष्ट हवे. (4)

(ई) रिजेक्शन घटले एवढ्यावरून गुपित वापरल्याचे प्रथमदर्शनी सिद्ध होते का? चार ओळी पुरेत. (2)