पाडवा पहाटच्या पोस्टरबद्दल

फोटो मिळाला. वाचनालयाच्या दारावरच्या ट्यूबलाइटची चकाकी उजव्या कोपऱ्यावर आलीय आणि फोटो खालून तिरका काढल्यामुळे वरची बाजू निमुळती दिसतेय. निमुळतेपणा कॅमेऱ्याचा, तो मी धरत नाही. चकाकी मात्र ग्लॉस लॅमिनेशनची आहे आणि ते आपणच निवडलं होतं. पुढच्या वेळी मॅट कर. बाकी मूळ फाइल न पाठवता जाता-येता काढलेला फोटो पाठवलास हे बरं केलंस. लोकांना पोस्टर असंच दिसतं. स्क्रीनवर मोठं करून बघितलं की सगळंच वाचता येतं.

'पाडवा पहाट' ही हाताने काढलेली अक्षरं झकास आहेत. बोरूचं जाड-बारीक वळण नीट उतरलंय आणि काने एका लयीत आलेत. फक्त त्यांच्याभोवतीची पांढरी आउटलाइन आणि मागची काळी सावली दोन्ही काढ. 'ड'च्या पोटातली मोकळी जागा त्यात बुजलीय. चांगल्या अक्षरांना एवढे दागिने लागत नाहीत.

आता मुख्य तक्रार. फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा लहान करून बघितला. त्यात तीनच गोष्टी उरल्या: शीर्षक, पणती आणि शुभेच्छुकांचा चेहरा. कधी आणि कुठे, याचा पत्ताच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला सगळ्यात आधी हवी असते ती तारीख, आणि ती खालून तिसऱ्या ओळीत बसलीय: 'बुधवार, दि. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी पहाटे ठीक ५.३० वाजता'. आकारही तिच्याखालच्या 'सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे'एवढाच. यातलं 'दि.', 'रोजी', 'ठीक', 'वाजता' सगळं उडव. '२२ ऑक्टोबर, बुधवार' एका ओळीत, 'पहाटे ५.३०' दुसऱ्या ओळीत, आणि शीर्षकानंतर सगळ्यात मोठं हेच. लगेच खाली ठिकाण. 'प्रवेश विनामूल्य' सध्या किनारीच्या नक्षीत अडकलंय, तेही ठिकाणाशेजारी आण. त्या दोन शब्दांवर अर्धी गर्दी ठरते.

शुभेच्छुकांचं काय करायचं ते मला माहीत आहे. छपाईचा खर्च त्यांचा, तेव्हा फोटो काढून टाकता येणार नाही. पण तळाशी एक पट्टी करून सगळे शुभेच्छुक सारख्या आकारात तिथे बसव. आत्ता त्यांचं डोकं गायिकेच्या फोटोपेक्षा मोठं आहे, आणि मैफल तेच गाणार आहेत असं वाटतं.

कलाकारांची नावं झेंडूच्या केशरी पार्श्वभूमीवर पिवळ्या रंगात आहेत. फोटो कृष्णधवल करून बघ, नावं गायब होतात. गडद मरून घे किंवा मागचा फोटो तेवढ्या भागात फिका कर. त्याच नावांना तू ट्रॅकिंगही वाढवलंयस, त्यामुळे शिरोरेखा तुटून प्रत्येक अक्षर सुटं लोंबतंय. 'तबला' वाचताना मी 'त', 'ब', 'ला' असं तीन ठिकाणी थांबलो. इंग्रजी कॅपिटल अक्षरं अशी पसरलेली चालतात, देवनागरी चालत नाही. आणि जागा पुरेना म्हणून साथसंगतीची ओळ आडवी दाबलीयस. दाबल्यावर काने बारीक झाले, शिरोरेखा मात्र तेवढीच जाड राहिली, म्हणून ओळ चेपल्यासारखी दिसते. दाबू नकोस, दोन ओळी कर. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट घे. दोन्ही फुकट आहेत आणि बारीक-जाड वजनं त्यांच्यातच मिळतात.

माहितीच्या परिच्छेदात ओळी फार जवळ आल्यात. 'सूर'चा ऊकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकलाय आणि फोटोत दोन्ही मिळून एक डाग दिसतो. आपल्या लिपीत वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलेलं अंतर इथे पुरत नाही. 'कलाकार'मधला 'ल' हिंदी वळणाचा आलाय. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवड. फॉन्टमध्ये सोय असेल तर पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' आपोआप येतात.

फोन नंबर मात्र आजच बदल. त्या नक्षीदार जाड फॉन्टमध्ये १ आणि ९ यांत फरकच कळत नाही. मी फोटो मोठा करूनही दोनदा अडखळलो. साध्या फॉन्टमध्ये, पाच-पाच आकड्यांचे दोन गट करून टाक.

बदल करून झाले की ए-फोर कागदावर एक प्रत काढ, वाचनालयाच्या त्याच दाराला चिकटव आणि समोरच्या फुटपाथवरून फोटो घे. तारीख वाचता आली तर पीडीएफ प्रेसला जाऊ दे. जेपीजी देऊ नकोस, अक्षरांच्या कडा फुटतात.