सीनियर क्वालिटी इंजिनियर (मशिनिंग लाइन): तिसऱ्या रेझ्युमेवर अभिप्राय

मॅडम,

रेझ्युमे दोनदा वाचला. नऊ वर्षांचा अनुभव, दोनच कंपन्या, डिप्लोमा करून नोकरी सांभाळत पदवी. मुलाखतीला जरूर बोलवा. फक्त 'लीड ऑडिटर' वाचून पगाराचा आकडा वाढवू नका.

आयएटीएफ १६९४९ लीड ऑडिटर म्हणून जे लिहिलंय, ते पाच दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट आहे. सर्टिफिकेशन ऑडिट करणारे ऑडिटर वेगळे. त्यांना आयएटीएफची स्वतंत्र पात्रता लागते. आपल्याला इंटर्नल ऑडिटर हवाय, तेवढ्याला हे पुरे. व्हीडीए ६.३ चं ट्रेनिंग २०१९ चं, म्हणजे जुन्या आवृत्तीवरचं. २०२३ मध्ये नवी आवृत्ती आली. ग्रीन बेल्ट आहे. कोणीही देतं हल्ली, त्यामुळे प्रोजेक्ट रिपोर्ट मागवा.

ऑडिटचा अनुभव मात्र मला आवडला. '१४ इंटर्नल ऑडिट केली' एवढ्यावर न थांबता सप्लायरच्या हीट ट्रीटमेंटचं सीक्यूआय-९ ऑडिट केलं आणि भट्टीच्या तापमानाच्या नोंदींत खाडाखोड सापडली, असं लिहिलंय. असं वाक्य कॉपी करून येत नाही. पुढे त्या एनसीचं काय झालं, ती कशी क्लोज केली, हे मी विचारीन.

आता आकडे. बोअरचा सीपीके ०.९२ वरून १.७१, आणि त्याच बोअरचं रिजेक्शन २.८ टक्क्यांवरून ०.४. दोन्ही एकाच वेळी खरं असणं अवघड आहे. प्रोसेस स्टेबल असेल तर १.७१ सीपीकेला बोअर दहा लाखांत एखादाही बाद होऊ नये, ०.४ टक्के म्हणजे दहा लाखांत चार हजार. एक तर सीपीके एका चांगल्या शिफ्टच्या तीस-पन्नास नगांवर काढलाय, नाहीतर रिजेक्शनमध्ये डेंट, स्क्रॅच धरलेत. खोटेपणा असेलच असं नाही, आपल्याकडेही असं होतं. पण उत्तर त्यांना देता यायला हवं. गेजचा जीआरआर २८ वरून ८ टक्क्यांवर आणला, हे मला सगळ्यात भरवशाचं वाटलं, कारण खाली फिक्स्चर बदलल्याचं कारणही दिलंय.

'वर्षाला १८ लाखांची बचत' यापुढे मी प्रश्नचिन्ह टाकलंय. स्क्रॅपचा दर, महिन्याचे नग, काहीच नाही. आणि एफएमईएत आरपीएन १८० वरून ७२ लिहिलाय. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकमध्ये आरपीएन गेला, त्याजागी ॲक्शन प्रायॉरिटी आली. त्यांच्या कस्टमरकडे जुनीच पद्धत चालू असू शकते, म्हणून याचे गुण कापत नाही.

दहापैकी सात. मंगळवारी दुपारनंतर बोलवा, सकाळी कस्टमर ऑडिट आहे. आणि त्यांना सांगा, त्या बोअरचा कंट्रोल चार्ट आठवत असेल तर कागदावर काढून दाखवावा लागेल. कंपनीचे कागद आणू नयेत.