साहेबांना, सेवानिवृत्तीनिमित्त

आदरणीय साहेब,

खरं सांगू का, तुमची जीप फाटकात शिरली की शिपाईभाऊ हळूच म्हणायचे, "साहेब उनात रे!" आणि चहाचे कप टेबलाखाली जायचे. आज सांगायला हरकत नाही.

माझी पहिली टिपणी तुम्ही तीनदा परत पाठवली होती. लाल शाईने. तिसऱ्यांदा तर सगळ्यांसमोर. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि तो राग बरेच दिवस गेलाही नाही. थोडं एकांतात बोलला असता तर बरं झालं असतं, असं अजूनही वाटतं.

पण वादळात रावेरकडची केळी आडवी झाली, तेव्हा पंचनाम्यांना तुम्ही स्वतः आलात. भर जूनच्या उकाड्यात, डोक्याला रुमाल बांधून. कागदावर एका म्हातारीचा गट नंबर चुकला होता. तुम्ही मला काही बोलला नाहीत, नुसतं बोट ठेवलंत. तो आकडा तसाच गेला असता तर तिची भरपाई अडकली असती. तीनदा परत आलेल्या टिपणीचा अर्थ मला त्या बांधावर कळला.

आता सकाळी दहाच्या ठोक्याला कुठे पोहोचायचं नाही. काकूंच्या हिशेबाच्या वहीत मात्र लाल पेन चालवू नका!

थंडीत भरीताची वांगी आली की शेतावर पार्टी करू. कळण्याची भाकरी, ठेचा, सगळं आमच्याकडून. या वेळी उशीर झाला तर रागवायचं नाही.

आपला,
आस्थापना शाखेतला तोच लिपिक

ता. क. ती लाल शाईची टिपणी मी जपून ठेवली आहे.