वार्षिक स्नेहसंमेलनाचे प्रमुख पाहुणे म्हणून निमंत्रण

प्राचार्यांचे कार्यालय,
औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जुन्नर, जिल्हा पुणे

जावक क्रमांक : औप्रसं/स्नेहसंमेलन/412/2025
दिनांक : 22 डिसेंबर 2025

प्रति,
माननीय प्रमुख कारागीर (सेवानिवृत्त),
राज्य परिवहन मध्यवर्ती कार्यशाळा, दापोडी, पुणे

विषय : शनिवार, दिनांक 24 जानेवारी 2026 रोजीच्या वार्षिक स्नेहसंमेलनास व पारितोषिक वितरण समारंभास प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित राहण्याबाबत.

माननीय महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या संस्थेचे यंदाचे वार्षिक स्नेहसंमेलन व पारितोषिक वितरण समारंभ शनिवार, दिनांक 24 जानेवारी 2026 रोजी सकाळी साडेदहा वाजता संस्थेच्या प्रांगणात होणार आहे. या समारंभाचे प्रमुख पाहुणेपद आपण स्वीकारावे, अशी संस्थेतील सर्व निदेशकांच्या आणि प्रशिक्षणार्थींच्या वतीने मी आपणांस आग्रहाची विनंती करीत आहे.

आपले नाव आमच्या तीन माजी प्रशिक्षणार्थींनी सुचवले. हे तिघे दापोडीच्या कार्यशाळेत आपल्या हाताखाली शिकाऊ उमेदवार होते. पाहुण्यांसाठी नावे मागवली, तेव्हा त्यांनी आपल्या पदाविषयी फारसे काही सांगितले नाही. आपण वेल्डवरचा स्लॅग स्वतः झाडून आतली शिवण पाहत असत, अंडरकट दिसला की न रागावता तो सांधा कापून पुन्हा करायला लावत असत, आणि बसच्या सांगाड्यातला तो एक सांधा सुटला तर गाडीत बसलेल्या माणसाचे काय होईल हे तिथल्या तिथे समजावत असत, एवढेच त्यांनी सांगितले. निवड समितीच्या बैठकीत यानंतर दुसऱ्या नावाची चर्चा झाली नाही.

संस्थेत सध्या जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री आणि शिवण-कर्तन या सहा व्यवसायांचे सुमारे 260 प्रशिक्षणार्थी असून त्यांपैकी 46 मुली आहेत. बहुतेक जण आसपासच्या गावांतून एस.टी.ने येतात आणि त्यांतील बऱ्याच जणांच्या घरी आजही शेती हेच उत्पन्नाचे साधन आहे. अभ्यासक्रम संपल्यावर यांतील पुष्कळ मुले चाकणच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल होतील, आणि तिथे पहिल्या दोन-तीन महिन्यांत काम सोडून घरी परतण्याचा मोह किती अनावर असतो, हे आम्हाला परतलेल्या मुलांच्या पालकांकडून कळते. आपल्याला बोलावण्यामागचे खरे कारण हेच आहे.

समारंभात आपल्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. त्या आधीच स्पष्ट सांगितलेल्या बऱ्या, म्हणून थोड्या विस्ताराने लिहितो.

पहिली अपेक्षा व्यासपीठावरची नाही. सकाळी चहापानानंतर, पावणेअकरा वाजता, कार्यशाळेत प्रशिक्षणार्थींनी तयार केलेल्या जॉबचे प्रदर्शन आपण पाहावे. प्रत्येक व्यवसायातून निवडलेला एक, असे सहा जॉब एका टेबलावर ठेवलेले असतील आणि त्यांवर नाव नसेल, फक्त क्रमांक असेल. त्यांतून ‘उत्कृष्ट जॉब’ या पारितोषिकासाठी एकाची निवड आपण करावी. शिवलेला सदरा आणि कानशीने घासलेला चौकोनी ठोकळा यांची तुलना कशी करायची, असा प्रश्न आमच्या गटनिदेशकांनीही विचारला होता. मोजमापाची अचूकता, कडांची सफाई आणि वाया गेलेला माल हे तीन निकष सर्वांना सारखे लावता येतील असे ठरले आहे, तरी अंतिम निर्णय पूर्णपणे आपला राहील. व्हर्नियर, गुण्या आणि मोजपट्टी टेबलावरच असतील. कार्यशाळेत चप्पल किंवा सँडल घालून कोणालाही प्रवेश नाही आणि हा नियम पाहुण्यांनाही लागू आहे. आपल्याला तो सांगण्याची गरज नाही, पण सोबत कुटुंबीय येणार असतील तर कृपया त्यांना बूट घालून येण्यास सांगावे.

दुसरी अपेक्षा भाषणाची. दुपारी बारा वाजता मुख्य कार्यक्रम सुरू होईल. स्वागत आणि अहवालवाचन वीस मिनिटांत आटोपून आपल्याला साधारण पंचवीस मिनिटे देता येतील. त्यानंतर पंधरा मिनिटे मुलांचे प्रश्न असतील. भाषणाचा विषय आम्ही ठरवत नाही, मात्र एक विनंती अवश्य आहे. ध्येय ठेवा, मेहनत करा, मोबाईल कमी वापरा हे मुलांनी अनेकांकडून ऐकले आहे. आपण नोकरीच्या पहिल्या वर्षी काय बिघडवले, त्याबद्दल काय ऐकून घ्यावे लागले, आणि तरीही दुसऱ्या दिवशी कामावर का गेलात, हे सांगितल्यास ती मुले जेवणाची वेळ झाली तरी जागची हलणार नाहीत. निवडलेला जॉब का चांगला ठरला आणि उरलेल्या पाचांत काय राहिले, हेही याच वेळी मोकळेपणाने सांगावे. दोष सांगताना हातचे राखू नये. निदेशकांनी तशी तयारी मुलांकडून करून घेतली आहे.

तिसरी अपेक्षा पारितोषिक वितरणाची. एकूण 14 पारितोषिके आपल्या हस्ते द्यायची असून त्याला वीस मिनिटे लागतील. दीड वाजता भोजन आहे. अडीच ते चार या वेळेत मुलांचा सांस्कृतिक कार्यक्रम होईल, त्याला थांबणे सर्वस्वी आपल्या सोयीवर आहे. आमच्या तालुक्यात बिबट्यांचा वावर असल्याने लांबच्या गावांतील मुले अंधारापूर्वी घरी पोहोचली पाहिजेत, म्हणून कार्यक्रम चार वाजता संपवावाच लागतो.

आपल्याला घरून आणण्यासाठी आणि परत पोहोचवण्यासाठी वाहनाची व्यवस्था संस्था करील. चाकणची कोंडी लक्षात घेता वाहन सकाळी सात वाजता आपल्या दारात असेल आणि नारायणगावात नाश्त्यासाठी थांबता येईल. सोबत संस्थेचे एक शिल्पनिदेशक असतील. संमेलन निधीतून 2,000 रुपये मानधन देण्याची तरतूद आहे. आपल्या अनुभवाच्या मानाने ही रक्कम अल्प आहे याची जाणीव आम्हाला आहे. सत्कारात शाल-श्रीफळासोबत जोडारी विभागाच्या प्रथम वर्षाच्या मुलांनी घडवलेला एक गुण्या आपल्याला भेट देण्यात येईल. तो काटकोनात आहे की नाही हे आपण व्यासपीठावरच तपासून पाहावे, असा त्या मुलांचा हट्ट आहे.

निमंत्रणपत्रिकेची छपाई 8 जानेवारीला द्यायची असल्याने आपला होकार सोमवार, दिनांक 5 जानेवारी 2026 पर्यंत लेखी किंवा दूरध्वनीवरून कळवावा. पत्रिकेवर आपला परिचय कोणत्या शब्दांत छापावा हेही त्याच वेळी सांगावे. प्रकृतीच्या किंवा घरच्या कारणाने त्या दिवशी येणे शक्य नसेल तर तसेही निःसंकोच कळवावे. शिकाऊ उमेदवारीला जाणारी तुकडी ऑगस्टपर्यंत संस्थेत आहे, तेव्हा तोवर आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी केवळ त्या मुलांसाठी आपण यावे, अशी दुसरी विनंती मी करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
प्राचार्य,
औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जुन्नर

सोबत : कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा आणि सहा जॉबच्या आकृत्या